साठ्याचे दिवस आणि उधारीचे दिवस

एबीसी वर्गीकरण म्हणजे साठ्यातल्या वस्तूंची वर्षभराच्या खपाच्या रकमेनुसार केलेली विभागणी. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये ही पद्धत लेखरूपाने मांडली. त्यामागचे निरीक्षण साधे होते. स्टोअरमध्ये शेकडो वस्तू असल्या, तरी खरेदीचा बहुतेक पैसा त्यांतल्या मोजक्याच वस्तूंवर जातो. त्या मोजक्या वस्तू ‘अ’ वर्गात येतात, मधल्या ‘ब’ वर्गात आणि संख्येने भरपूर पण रकमेने किरकोळ अशा वस्तू ‘क’ वर्गात.

वर्गवारी करताना प्रत्येक वस्तूचा वर्षाचा खप तिच्या खरेदीदराने गुणतात. आलेल्या रकमा मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत्या क्रमाने लावून बेरीज करत खाली येतात. एकूण रकमेच्या साधारण ७० ते ८० टक्क्यांपर्यंत बेरीज पोहोचली की ‘अ’ वर्ग संपतो. इथे एक चूक वारंवार होते. महाग वस्तू ती ‘अ’ आणि स्वस्त वस्तू ती ‘क’, असे धरले जाते. पाच रुपयांचा नट वर्षाला पाच लाख लागत असेल, तर त्याची रक्कम पंचवीस लाख होते आणि तो ‘अ’ वर्गात जाऊ शकतो. याउलट चाळीस हजारांचा सुटा भाग दोन वर्षांतून एकदाच लागत असेल, तर तो ‘क’ वर्गात बसतो. दर आणि खप यांचा गुणाकार पाहायचा असतो, नुसता दर नव्हे.

पुढचा हिशेब समजण्यासाठी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे भाग बनवणारा एक लहान कारखाना कल्पनेने समोर ठेवू. तो ४०० वस्तू खरेदी करतो आणि वर्षाची खरेदी ६ कोटी रुपयांची आहे. यादी लावल्यावर फोर्जिंग, कास्टिंग, पोलादी बार अशा ४० वस्तू ‘अ’ वर्गात निघाल्या आणि त्यांची खरेदी साडेचार कोटींची ठरली. ‘ब’ वर्गातल्या ८० वस्तूंवर ९० लाख आणि ‘क’ वर्गातल्या २८० वस्तूंवर, म्हणजे बोल्ट, वॉशर, कूलंट, पॅकिंगचे सामान यांवर, ६० लाख जातात. सोयीसाठी वर्षाचे दिवस ३६० धरले आहेत, आणि हिशेब फक्त खरेदीच्या मालाचा आहे. अर्धवट आणि तयार मालाचा साठा त्यात नाही.

वर्गवारी होण्यापूर्वी स्टोअरचा नियम सरसकट होता, सगळे ४५ दिवसांचे ठेवायचे. त्यामुळे साठा ७५ लाखांचा होता. वर्गवारीनंतर ‘अ’ वस्तू २० दिवसांवर आणल्या, ‘ब’ ४५ वरच राहिल्या आणि ‘क’ उलट ९० दिवसांपर्यंत वाढवल्या. ‘अ’चा साठा ५६ लाख २५ हजारांवरून २५ लाखांवर उतरला. ‘क’चा साठा दुप्पट झाला, तरी तो साडेसात लाखांवरून जेमतेम १५ लाखांवर गेला. एकूण साठा ५१ लाख २५ हजार झाला. जवळजवळ २४ लाख रुपये मोकळे झाले, आणि वॉशर संपला म्हणून मशीन थांबण्याची शक्यताही कमी झाली. वर्गवारीचा खरा फायदा या दुहेरी हालचालीत आहे. सगळ्याच वस्तूंना समान कात्री लावणारे हा फायदा गमावतात.

जस्ट-इन-टाइम खरेदी ही यापुढची पायरी. जपानमध्ये टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत ही पद्धत घडवली. माल लागेल तेव्हा, लागेल तेवढाच आणायचा, हे तिचे सूत्र. ती ४०० वस्तूंना लावायची नसते. जिचा खप रोज साधारण सारखा आहे, जिचा पुरवठादार जवळ आहे आणि जिचा माल तपासणीत सहसा नापास होत नाही, अशीच वस्तू तिला मानवते. आपल्या कारखान्याने ‘अ’ वर्गातल्या अशा १२ वस्तू निवडल्या. त्यांची खरेदी ३ कोटी ६० लाखांची, म्हणजे दिवसाला बरोबर एक लाखाची. त्यांचा साठा २० दिवसांवरून ४ दिवसांवर आणला, तेव्हा आणखी १६ लाख कमी होऊन एकूण साठा ३५ लाख २५ हजारांवर आला.

इथपर्यंत सगळे चांगलेच दिसते, आणि बहुतेक ठिकाणी हिशेब इथेच थांबवला जातो. खेळत्या भांडवलाला मात्र दुसरी बाजू आहे, ती पुरवठादाराच्या उधारीची. साठ्यातल्या मालाचे पैसे अजून चुकवलेले नसतील, तर तेवढा भार पुरवठादार उचलत असतो. कारखान्याला सगळ्या खरेदीवर ३० दिवसांची उधारी मिळत होती, म्हणजे ५० लाखांची देणी कायम उभी होती. सुरुवातीला ७५ लाखांच्या साठ्यातून ही ५० लाख वजा जाता स्वतःचे आणि बँकेचे मिळून २५ लाख अडकत होते. वर्गवारीनंतर साठा ५१ लाख २५ हजार झाला, देणी तेवढीच राहिली, आणि अडकणारा पैसा सव्वा लाखावर आला.

आता जस्ट-इन-टाइमची वेळ. आठवड्यातून दोन-तीनदा थोडा थोडा माल पोहोचवायचा, वेळ चुकवायची नाही, एकही नग खराब नको, या अटी मान्य करताना पुरवठादार बदल्यात लवकर पैसे मागतो. समजा, या १२ वस्तूंची उधारी ३० दिवसांवरून १० दिवसांवर आली. त्यांची देणी ३० लाखांवरून १० लाखांवर येतात आणि कारखान्याची एकूण देणी ३० लाख होतात. साठा ३५ लाख २५ हजार, देणी ३० लाख, म्हणजे अडकलेला पैसा सव्वापाच लाख. साठा १६ लाखांनी घटला, पण पैशाची गरज ४ लाखांनी वाढली. कारण उघड आहे. साठ्याचे १६ दिवस वाचवले आणि उधारीचे २० दिवस गमावले. याच बोलणीत उधारी २० दिवसांवर टिकवली असती, तर १६ दिवसांच्या मोबदल्यात १० दिवस गेले असते आणि गरज ६ लाखांनी उतरली असती. करारावर सही करण्याआधी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिणे, एवढी दक्षता घेतली तरी बरेच नुकसान टळते.

उधारी सोडणे नेहमीच तोट्याचे नसते. बँकेचा दर वर्षाला १० टक्के धरला, तर २० दिवस आधी दिलेल्या पैशाचे व्याज किमतीच्या सुमारे ०.५५ टक्के पडते. पुरवठादाराने दरात त्याहून जास्त सूट दिली, तर लवकर पैसे देणे फायद्याचे. याउलट वाहतूक हिशेबातून सुटू नये. वाचलेल्या ६ लाखांचे व्याज वर्षाला ६० हजार, म्हणजे महिन्याला पाच हजार रुपये. वाढलेल्या फेऱ्यांचे गाडीभाडे याहून जास्त झाले, तर पैशाच्या बाजूने काहीच उरत नाही. एकच गाडी ठरलेल्या फेरीत तीन-चार पुरवठादारांकडून माल गोळा करत आणण्याची पद्धत त्यासाठीच रूढ झाली. मोकळी झालेली जागा आणि खराब माल लवकर सापडणे हे लाभ खरे आहेत, पण ते वेगळे मोजावेत.

बँकेकडे पाहिले की आणखी एक बदल दिसतो. कॅश क्रेडिट खात्यावर मंजूर मर्यादा एक असते आणि प्रत्यक्ष काढता येणारी रक्कम, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, वेगळी. लहान उद्योगांची मर्यादा नायक समितीच्या सूत्राने अंदाजित उलाढालीच्या २० टक्के धरून ठरते. ड्रॉइंग पॉवर मात्र दरमहा दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवर अवलंबून असते. साठ्यातून देणी वजा करून राहिलेल्या रकमेवर बँक बहुधा २५ टक्के मार्जिन कापते आणि ग्राहकांकडच्या येण्यावर वेगळे मार्जिन लावते. आपल्या कारखान्याला साठ्यापोटी सुरुवातीला १८ लाख ७५ हजार काढता येत होते. वर्गवारीनंतर तीच रक्कम एक लाखाच्याही खाली येते. गरजही तितकीच उतरलेली असल्याने यात वावगे काही नाही, पण मोकळा झालेला पैसा कॅश क्रेडिट खात्यात परत भरला तरच. तो पैसा नफा समजून नव्या मशीनमध्ये घातला, तर पुढच्या स्टॉक स्टेटमेंटला खाते ड्रॉइंग पॉवरच्या वर जाते आणि चेक परत येऊ लागतात. साठा घटल्याने पैसा एकदाच सुटतो. दरवर्षी मिळते ते फक्त वाचलेले व्याज. मशीनसाठी मुदत कर्जच घ्यावे.

वर्गवारीच्या उणिवाही खरेदीच्या या पद्धतीत उघड्या पडतात. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधल्या कारिया इथे आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा, स्वस्त व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनत असे आणि टोयोटाकडे त्याचा साठा फारच थोडा होता. काही दिवसांतच टोयोटाचे जपानमधले उत्पादन जवळपास ठप्प झाले. इतर पुरवठादारांनी घाईने व्हॉल्व्ह बनवून दिल्याने साधारण आठवड्याभरात ते सावरू लागले. नगाची किंमत आणि तो नसल्याने होणारे नुकसान यांचा मेळ नसतो. म्हणून भारतातल्या अनेक कारखान्यांत आणि रुग्णालयांत एबीसीबरोबर अत्यावश्यक, आवश्यक आणि इष्ट अशी दुसरी विभागणीही करतात. दुसरी उणीव पडून राहिलेल्या मालाची. ज्याचा खप शून्य, त्याची वर्षाची रक्कमही शून्य. असा माल ‘क’च्या तळाशी लपतो, पैसा मात्र त्यातही अडकलेला असतो, आणि फार जुना साठा बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये धरत नाही.

व्यवस्था बिघडत असल्याची चिन्हे स्टोअरमध्ये आधी दिसतात. तातडीच्या खरेदीच्या पावत्या वाढतात, खास गाडी पाठवून माल आणावा लागतो, तपासणी न करता माल थेट लाइनवर जातो. अशा वेळी चार दिवसांचा हट्ट सोडून ती वस्तू सात-आठ दिवसांवर नेणे शहाणपणाचे. रोज एक लाखाचा खप असलेल्या १२ वस्तूंना तीन दिवस जास्त दिले, तरी तीन लाखच अडकतात.

मोठा ग्राहक जस्ट-इन-टाइम माल घेऊ लागला की त्याने सोडलेला साठा बऱ्याचदा पुरवठादाराच्या गोदामात जाऊन बसतो. चाकणच्या वाहन कारखान्यांना माल देणाऱ्या लहान उद्योगांना तयार माल हाताशी ठेवून वाट पाहावी लागते. त्यांना कर्ज महाग पडते आणि तो खर्च आज ना उद्या दरात उतरतो. उधारी लांबवण्यालाही कायद्याने बांध आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ही मुदत चुकवणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. अशा पुरवठादारापाशी साठा थोडा आणि येणी जास्त असतात. त्यामुळे त्याला साठ्यावरच्या कर्जापेक्षा बिलावर मिळणारा पैसा उपयोगी पडतो. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणाऱ्या ट्रेड्स मंचावर मोठ्या ग्राहकाने बिल मान्य केले, की बँका त्यावर बोली लावतात. व्याजदर ग्राहकाच्या पतीवर ठरतो आणि ग्राहकाने मुदतीत पैसे न भरल्यास वसुली पुरवठादाराकडून होत नाही. अट एवढीच की ग्राहकाने बिल वेळेत मान्य केले पाहिजे, कारण मान्यता मिळेपर्यंत त्या मालाचा भार पुरवठादाराच्याच खात्यावर असतो.