फोटोतली कचराकुंडी गेली, पण मागची भिंत कुठून आणायची?

पणजीच्या फोंतेन्हासमधली पिवळी भिंत, भिंतीपुढे उभे आई-बाबा आणि आईच्या डाव्या हाताला, अगदी पदराला खेटून, हिरवी कचराकुंडी. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला हाच फोटो मोठा करून फ्रेममध्ये लावायचा, असे घरात ठरले. कुंडीवरून एकदा बोट फिरवले की ती जाते, हे सगळ्यांना ठाऊक होते. तसे केलेही. कुंडी गेली, पण तिच्या जागी भिंत फुटपाथवर ओघळल्यासारखी दिसू लागली, आणि पदराचा काठ अर्धा गायब झाला.

असे का होते आणि काय केले की होत नाही, ते याच फोटोवरून समजून घेऊ.

फोनला मागचे दिसत नाही

कुंडीच्या मागे काय होते, हे फोटोत कुठेच नोंदलेले नसते. त्यामुळे अ‍ॅप मागची भिंत ‘उघडी’ करत नाही, तर अंदाजाने नवी रचते. स्नॅपसीडमधल्या Healing सारखे साधन तुम्ही बोट फिरवलेल्या जागेच्या कडेला काय आहे ते पाहते आणि त्याला जुळणारा तुकडा आसपासच्या भागातून आणून बसवते. फाटक्या कापडाला त्याच कापडाचे ठिगळ लावावे, तसे.

सपाट पिवळ्या भिंतीवर असे ठिगळ ओळखूही येत नाही. घोटाळा होतो तो रेषेवर. आमच्या फोटोत कुंडीच्या मागून तीन गोष्टी जात होत्या. वर भिंत, खाली फरशांचा फुटपाथ आणि दोन्हींच्या मध्ये, भिंत जमिनीला टेकते ती सरळ रेषा. सगळे एकाच फटक्यात पुसले, की आणलेला तुकडा भिंतीचा असावा की फरशीचा, याचा मेळ बसत नाही आणि रेषा तुटते. माणसाची नजर रंगातला फरक माफ करते, मोडलेली सरळ रेषा मात्र लगेच पकडते.

संशोधकांनाही हीच अडचण आली होती. आंतोनिओ क्रिमिनिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मांडलेल्या पद्धतीत, रिकामी जागा भरताना जिथे ठळक रेषा येऊन थांबते त्या जागेला आधी मान दिला जातो, तो रेषा तुटू नये म्हणूनच. आपल्या हातातले अ‍ॅप कोणत्या क्रमाने भरेल, हे आपण ठरवू शकत नाही. पण त्याच्यापुढे कोणता तुकडा कधी ठेवायचा, हे आपल्या बोटावर असते.

कुंडीचे तीन भाग करा

आधी मूळ फोटोची प्रत काढून ठेवा आणि काम मूळ आकाराच्या फाइलवर करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो बहुधा दाबून लहान केलेला असतो. त्यातल्या फरशांचे बारीक पोत आधीच पुसट झालेले असतात, मग चांगले ठिगळ मिळायचे कुठून?

स्नॅपसीडमध्ये ब्रशचा आकार वेगळा निवडावा लागत नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला, की त्याच बोटाखाली फोटोचा लहान भाग येतो. म्हणून झूम करूनच काम करायचे.

सुरुवात सावलीपासून करा. कुंडी गेली आणि तिची सावली फरशीवर राहिली, तर फोटो लगेच उघडा पडतो. आमच्या फोटोत सावली उजवीकडे पडली होती; ती आधी काढली.

मग कुंडीचा भिंतीपुढचा भाग. वरच्या कडेपासून लहान लहान फटक्यांनी खाली या, पण जमिनीच्या रेषेच्या थोडे वरच थांबा. त्यानंतर फुटपाथपुढचा भाग, खालून वर. इथेही रेषेच्या अलीकडे थांबा. आता कुंडीची फक्त एक आडवी पट्टी उरते. तिच्या वर भिंत आहे, खाली फरशी आणि दोन्ही बाजूंना खरी रेषा. शेवटी डावीकडच्या खऱ्या रेषेपासून उजवीकडच्या खऱ्या रेषेपर्यंत एकच आडवा फटका मारा. आता जुळवायला चारही बाजूंनी पुरावा असल्याने रेषा बहुतेक वेळा सरळ जुळते. नाही जुळली, तर तो फटका मागे घ्या आणि किंचित वेगळ्या लांबीचा मारा. फटक्याचा आकार बदलला, की आणलेला तुकडाही बदलतो.

फरशांच्या बाबतीत एक काळजी घ्या. दूरच्या फरशा फोटोत लहान दिसतात, जवळच्या मोठ्या. फटका उभा मारला, तर जवळची मोठी फरशी दूरच्या जागी येऊन बसण्याची शक्यता वाढते. म्हणून एका वेळी एकच रांग घ्या आणि बोट सांध्याच्या दिशेने फिरवा.

पदराचे काम सर्वात शेवटी. भरपूर झूम करून पदर आणि कुंडी यांच्यातल्या बारीक कडेवर ठिपक्याएवढेच स्पर्श करा. कुंडीचा केसाएवढा हिरवा धागा राहिला तरी चालेल, पदरावर बोट जाता कामा नये. भिंतीचे ठिगळ थोडे चुकले तरी खपून जाते, साडीचा काठ चुकला तर ती साडी ओळखणारी माणसे घरातच असतात.

कुठे चुकले, कसे ओळखाल?

फोनवर ठीक दिसलेला फोटो मोठ्या प्रिंटमध्ये दगा देतो. म्हणून दोनदा तपासा. एकदा फोटो अगदी लहान करून पाहा. रेषेतला बाक आणि रंगाचा डाग तेव्हा चटकन कळतो. मग मोठा करून जुळी चिन्हे शोधा. आमच्या भिंतीवर ओलीचा एक डाग होता. काम झाल्यावर शेजारी तसाच दुसरा डाग दिसला, कारण ठिगळ तिथूनच आले होते. दुसऱ्या डागावर एक छोटा स्पर्श केला आणि जोडी मोडली.

भरलेला भाग आसपासपेक्षा गुळगुळीत दिसत असेल, तर बहुधा फटका फार मोठा झालेला असतो. मागे जाऊन तोच भाग लहान तुकड्यांत करा.

होर्डिंग असेल तर?

कुंडी लहान असते आणि तिच्या भोवती भिंत भरपूर असते. होर्डिंगचे तसे नाही. त्याने दोन खिडक्या आणि एक सज्जा झाकला असेल, तर त्या खिडक्या कशा होत्या हे कोणतेही अ‍ॅप सांगू शकत नाही. ते शेजारची खिडकी पुन्हा काढेल, आणि ते घर प्रत्यक्षात नसलेले घर होईल. फलकामागे नुसते आकाश किंवा कोरी भिंत असेल तरच तो पुसायला घ्या; नाहीतर फोटो कडेने कापणे बरे. प्रवासात असाल तर त्याहून सोपा उपाय पायात आहे. दोन पावले बाजूला सरकलात, की कुंडी किंवा फलक मागच्या भिंतीवरून सरकतो आणि झाकलेला भाग दिसू लागतो. तिथून आणखी एक फोटो घ्या.

एक मर्यादा मात्र पाळायला हवी. घरच्या फ्रेमसाठी कुंडी काढणे ही आपली आवड. तोच फोटो बातमीसाठी, स्पर्धेसाठी किंवा पालिकेकडच्या तक्रारीसाठी जाणार असेल, तर काहीही पुसू नका. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत चित्रातली वस्तू काढणे किंवा घालणे नियमबाह्य आहे. तक्रारीत तर ती कुंडी हाच पुरावा असतो.

आमचा फोटो आता भिंतीवर लागला आहे. कुंडी कुठे होती, हे पाहुण्यांना ओळखता येत नाही. कुंडीसह असलेला मूळ फोटो मात्र फोनमध्ये जपून ठेवला आहे. त्या दिवशी तिथे खरोखर काय होते, हे तोच सांगतो.