ग्लास हातात असताना

गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नाच्या रिसेप्शनमध्ये टोस्टच्या वेळी सगळा हॉल उभा असतो. हातात भरलेले ग्लास असतात, बँडवाले खोळंबलेले असतात आणि टोस्ट संपेपर्यंत घोट घ्यायचा नसतो. भाषण लांबलं की लोक ग्लास या हातातून त्या हातात करू लागतात.

नवऱ्याच्या जिवलग मित्राचं असंच चार मिनिटांचं भाषण मी वाचलं. माइकवर सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे कागदावर साधारण ४५० शब्द होते. हशाला जागा ठेवायची, तर मिनिटभरासाठी नव्वदच्या आत यायला हवं. इतकी कपात इथला एक शब्द, तिथला एक शब्द गाळून होत नाही. आधी कोणती आठवण ठेवायची ते ठरवावं आणि बाकीच्या अख्ख्या काढाव्यात.

मसुद्यात तीन आठवणी होत्या. हॉस्टेलमधल्या टोपणनावावर फक्त वर्गमित्र हसले असते. जुन्या मैत्रिणीचा किस्सा नवरीच्या आईवडिलांसमोर सांगण्याचा प्रश्नच नव्हता. उरली फेरीबोटीची. तीही मिनिटभर लांब होती: स्कूटर कोणाची, पाऊस किती, केक कुठून घेतला. प्रत्येक तपशील काढून पाहायचा. शेवटच्या वाक्यावर तरीही हसू येत असेल, तर तो गेला. मागचा माणूस बोटीत उतरतो, हे मात्र ठेवावं लागलं. बाहेरगावच्या पाहुण्यांना ते ठाऊक नसतं आणि त्यावाचून गंमतच कळत नाही. आईवडिलांचे आभार नवरा उत्तराच्या भाषणात मानतोच. तो परिच्छेद गेला. ‘प्रेमळ, मेहनती’ वगैरे विशेषणंही गेली.

उरलं ते मराठीत असं:

“आम्ही दोघं स्कूटरवरून याच्या घरी, चोडणला निघालो होतो. मागे मी, मांडीवर याच्या आईसाठी केक. फेरीबोटीत मागचा माणूस उतरतो, तसा मीही उतरलो. बोट चोडणला लागली आणि याने स्कूटर दामटली. घरापर्यंत हा माझ्याशी गप्पा मारत गेला. आईने दारात विचारलं, ‘मित्र कुठाय?’ हा म्हणाला, ‘हा काय, मागे बसलाय!’ वहिनी, आता ती सीट तुझी. अधूनमधून याच्या खांद्यावर थाप मारत जा. मंडळी, ग्लास उंचवा, नवरानवरीसाठी!”

‘मागे बसलाय’ नंतर थांबायचं. आधीच्या मसुद्यात तिथे ‘असा हा आमचा विसरभोळा मित्र’ असं होतं; हशा चालू असताना ते कोणाला ऐकू गेलं नसतं आणि हशा ओसरल्यावर नको वाटलं असतं. वहिनीकडे वळलेली वाक्यं मात्र हवीतच. त्यांच्याशिवाय हा नुसता नवऱ्याचा किस्सा राहतो आणि नवरीकडची मंडळी परकी पडतात. तालीम घड्याळ लावून, उभ्याने, हातात पाण्याने भरलेला ग्लास धरून करावी. ‘नवरानवरीसाठी’ म्हटल्यावर एकही शब्द नको. तोवर लोकांनी ग्लास तोंडाला लावलेला असतो.