केमोनंतरचा ताप आणि पहिला तास

स्तनाच्या कॅन्सरसाठी केमोथेरपी घेणाऱ्या 52 वर्षांच्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. डोस होऊन 10 दिवस झालेत. रात्री साडेनऊला अंग कसकसतं, थर्मामीटर 101 दाखवतो. खोकला नाही, लघवीला जळजळ नाही, जेवणही बऱ्यापैकी गेलंय. घरचे म्हणतात, "तापाची गोळी घे आणि झोप. सकाळी दवाखान्यात जाऊ." एरवी हा सल्ला योग्यच ठरला असता. या बाईंच्या मात्र तो जिवावर बेतू शकतो.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जिवाणूंवर सर्वांत आधी तुटून पडतात. रक्तात त्या जेमतेम दिवसभर टिकतात, म्हणून अस्थिमज्जेला त्या सतत नव्याने बनवाव्या लागतात. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. त्यात कॅन्सरबरोबर मज्जेतल्या पेशीही सापडतात. बहुतेक औषधांत डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत हा काउंट तळाला जातो. याच औषधांनी तोंडाचं आणि आतड्याचं अस्तरही सोलवटतं. मग आतड्यात एरवी गुपचूप राहणारे ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे जिवाणू थेट रक्तात उतरतात.

अशा वेळी संसर्गाच्या नेहमीच्या खुणा दिसत नाहीत. पू होतो तो मुख्यतः न्यूट्रोफिलांचाच, त्यामुळे त्या नसल्या की पू धरत नाही, जखम फारशी सुजत नाही, न्यूमोनिया असूनही सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. उरतो तो फक्त ताप. स्टेरॉइड घेणाऱ्या किंवा वयस्क रुग्णांत कधी कधी तोही येत नाही. नुसती हुडहुडी भरते, ग्लानी येते किंवा लघवी कमी होते.

आता समजा, या बाईंना गोळी न देता रात्री सव्वादहाला इस्पितळात आणलं. कॅज्युअल्टीत शिरताच मुलगा सांगतो, "आईची केमो चालू आहे, 10 दिवसांपूर्वी डोस झाला, ताप 101 आहे." एवढं ऐकलं की त्यांना रांगेत बसवायचं नसतं. नाडी आणि रक्तदाब बघतात. कल्चरसाठी रक्ताचे दोन नमुने घेतात. छातीत पोर्ट बसवलेला असेल तर एक त्यातून, दुसरा हातातून. काउंटसाठीही रक्त पाठवतात आणि लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. ते पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपिमसारखं, अनेक प्रकारच्या जिवाणूंवर चालणारं असतं. पहिला डोस सव्वाअकराच्या आत अंगात गेला पाहिजे.

काउंटचा रिपोर्ट मागाहून येतो. एकूण पांढऱ्या पेशी 900, त्यांत न्यूट्रोफिल 20 टक्के, म्हणजे 180. हा आकडा 500 च्या खाली गेला की धोका मोठा. कल्चरमधून जिवाणू कळायला तर एक-दोन दिवस लागतात. पूर्वी डॉक्टर त्या रिपोर्टसाठी थांबत आणि तोवर रुग्ण हातचे जात. 1971 मध्ये अमेरिकेतल्या शिम्फ आणि सहकाऱ्यांनी ताप दिसताच कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू करून दाखवलं. तेव्हापासून रिपोर्टआधी औषध हा नियम रुळला.

मग तासाचीच मर्यादा का? 61 व्या मिनिटाला काही वेगळं घडतं असं नाही. पण रक्तात शिरलेल्या जिवाणूंना अडवणारं कुणी नसलं की रक्तदाब काही तासांत कोसळू शकतो. तो एकदा कोसळला की औषधाला होणारा प्रत्येक तासाचा उशीर महागात पडतो. संसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांच्या 2006 मधल्या एका मोठ्या अभ्यासात, पहिल्या काही तासांत दर तासाच्या उशिरामागे जगण्याचं प्रमाण 7 ते 8 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. म्हणून औषध रक्तदाब पडायच्या आधी गेलं पाहिजे.

इस्पितळाचा तास रुग्ण दारात आल्यावर सुरू होतो, पण जास्त वेळ जातो तो घरीच. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, जिवाणू तसेच राहतात आणि सकाळपर्यंत सगळे निर्धास्त होतात. म्हणून तोंडात थर्मामीटर धरून ताप एकदा जरी 101 भरला, किंवा 100.4 वर तासभर टिकला, तर गोळी न देता आधी केमोच्या डॉक्टरांना फोन करायचा. गुदद्वारातून ताप मोजायचा नाही. तिथल्या इवल्याशा चिरेतूनही जिवाणू आत शिरतात. कॅन्सरचं इस्पितळ तीन तासांवर असेल तर पहिला डोस तालुक्याच्या गावी घेऊन मग पुढे निघता येईल का, हे डॉक्टरांना केमो सुरू होतानाच विचारून ठेवावं. फाइल सोबत असली की तिथल्या डॉक्टरांनाही निर्णय घेणं सोपं जातं.

लवकर सुरू केलेलं औषध प्रत्येक वेळी लागू पडेलच असं नाही. आपल्याकडे बऱ्याच जिवाणूंनी अँटिबायोटिकांना दाद देणं सोडलंय. म्हणून कल्चर आधी घेतात आणि त्याचा रिपोर्ट आला की गरजेप्रमाणे औषध बदलतात. उलट काउंट चांगला निघाला आणि संसर्ग सापडला नाही, तर औषध थांबवता येतं. तेव्हा नुकसान होतं ते रात्रीच्या एका फेरीचं आणि एखाद-दोन डोसांचं. सकाळपर्यंत थांबून जे गमावण्याची भीती असते, ते मात्र कोणत्याही औषधाने परत आणता येत नाही.