सात तारखेला ताप आला तर

कंपनीच्या अकाउंट्स विभागात महिन्याची सात तारीख टळत नाही. आदल्या महिन्यात कापलेला टीडीएस त्या दिवसापर्यंत सरकारजमा व्हायला हवा. (फक्त मार्चची कपात भरायला ३० एप्रिलपर्यंत सवलत असते.) ते काम पाहणाऱ्या माणसाला सात तारखेलाच सकाळी १०२ ताप भरला, तर त्याने अंथरुणातून पाठवलेल्या ईमेलला रजेच्या अर्जापलीकडे एक काम करायचं असतं. त्या मेलवर दुसऱ्या माणसाला काम पुरं करता आलं पाहिजे.

एका दिवसाने नेमकं काय बिघडतं ते आधी पाहू. समजा, कंपनीने ३ ऑगस्टला कंत्राटदारांची बिलं आणि जागेचं भाडं देताना १,८०,००० रुपये टीडीएस कापला. तो भरायची शेवटची तारीख ७ सप्टेंबर. तो ८ तारखेला भरला, तर वाटतं एका दिवसाचं व्याज लागेल. तसं होत नाही. व्याज महिन्याला दीड टक्का, कपातीच्या तारखेपासून मोजलेलं, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरलेला. ३ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर म्हणजे एक महिना आणि वर काही दिवस, म्हणून दोन महिने. तीन टक्क्यांनी ५,४०० रुपये. एका दिवसाच्या तापाची ही किंमत.

आता अशा सकाळी बहुतेक जण काय लिहितात? ‘सर, माझी तब्येत बरी नसल्यामुळे आज ऑफिसला येऊ शकत नाही, कृपया रजा मंजूर करावी. काही अर्जंट असल्यास फोनवर उपलब्ध आहे.’ यात भाषा सभ्य आहे, चूक काहीच नाही, आणि उपयोगही फारसा नाही. अर्जंट काय आहे, हे साहेबांनी ओळखायचं. ओळखलं नाही तर सात तारीख टळते. ओळखलं तर दिवसभर फोन वाजतो, ‘ती फाइल कुठे ठेवलीय?’ म्हणून.

त्याऐवजी असा मेल लिहिता येतो. यातली माणसं काल्पनिक आहेत. मेल साहेबांना आणि काम करणाऱ्या सहकारी बाईंना, दोघांनाही थेट. एचआरला फक्त प्रत.

विषय: आज ७ सप्टें. आजारपणाची रजा – टीडीएस आजच भरायचा आहे

‘देशमुख सर, वर्षाताई,

काल रात्रीपासून ताप आहे, आज येऊ शकत नाही. उद्याचं संध्याकाळी ६ पर्यंत कळवतो.

आजच व्हायला हवं असं एकच काम: ऑगस्टचा टीडीएस, १,८०,००० रुपये. चलन काल तयार केलं आहे. पोर्टलवर e-Pay Tax मध्ये Generated Challans खाली दिसेल. टॅनचं लॉगिन सरांकडे आहे. वर्षाताई, तुमच्या आयडीने बँकेत पेमेंट टाकाल का? सर, ते तुमच्याकडे मंजुरीला येईल. दुपारी ३ पर्यंत झालं तर बरं. हिशेबाची शीट सामायिक फोल्डरमध्ये ‘टीडीएस ऑगस्ट’ नावाने आहे.

बाकी सगळं मी आल्यावर चालेल. व्हेंडरांचे फोन आले तर परवा सांगतो म्हणावं.

१ ते १.३० फोनवर बोलू शकेन. एरवी औषध घेऊन झोपलेला असेन. अगदीच अडलं तर घरच्या नंबरवर फोन करा, तो एचआरकडे आहे.’

आजाराला यात एकच ओळ मिळाली आहे. उलट्या किती झाल्या, डॉक्टर काय म्हणाले, हे साहेबांना कामासाठी लागत नाही. वर्णन वाढलं की मेल सफाई दिल्यासारखा वाटू लागतो. पुरावा लागणार असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट नंतर देता येतं. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे. आजारपणासाठी वेगळी रजा किती आणि सर्टिफिकेट कितव्या दिवसापासून, हे मात्र कंपनीच्या नियमांत पाहावं लागतं. ते पाहायचं काम तापात करू नये.

‘उपलब्ध आहे’ या शब्दांऐवजी इथे अर्ध्या तासाची वेळ दिली आहे. वेळ ठरलेली असली की समोरचा माणूस प्रश्न साठवून एकदाच विचारतो, आणि आजारी माणसाला बाकीचा दिवस झोपता येतं. कितीही वेळ देता येत नसेल, तर ‘आज फोनवर नसेन’ असं स्पष्ट लिहिलेलं बरं. देऊन न पाळलेला शब्द सगळ्यांनाच अडकवतो: वर्षाताई तीन वाजेपर्यंत उत्तराची वाट पाहत राहतात आणि काम तिथेच थांबतं. उद्याचंही तसंच. ‘उद्या नक्की येतो’ असं कोणत्याही तापाबद्दल सकाळी साडेसातला सांगता येत नाही. कधी कळवणार ते सांगता येतं.

मेलचा गाभा कामाच्या परिच्छेदात आहे. काय, किती, कुठे ठेवलंय, कोणी करायचं, किती वाजेपर्यंत. पाच वाजता बँकेची साइट अडली तर हाताशी वेळ उरत नाही, म्हणून शेवटची वेळ मुद्दाम दुपारची. आणि ‘बाकी चालेल’ ही ओळ गाळू नये. तिच्यामुळे काय सोडून द्यायचं हेही कळतं. पाच-सहा कामांची यादी पाठवली, तर घाईत त्यातलं सोपं आधी होतं आणि चलन राहून जातं.

सकाळी मेल कोणी उघडेलच असं नसतं, म्हणून आधी दोघांना फोन किंवा व्हॉट्सअॅप करून ‘मेल पाठवलाय, टीडीएसचं बघा’ एवढं सांगावं. वर्षाताईंचं ‘बघते’ येईपर्यंत काम सोपवलं गेलेलं नसतं. त्याच रजेवर असतील तर? म्हणून साहेबही पहिल्या ओळीत आहेत.

मेलमधून माहिती सोपवता येते, अधिकार सोपवता येत नाही. कंपनीच्या नेटबँकिंगमध्ये सहसा एक जण पेमेंट टाकतो, त्याला मेकर म्हणतात. दुसरा ते मंजूर करतो, तो चेकर. पेमेंट टाकायचा आयडी फक्त आजारी माणसाच्याच नावावर असेल, तर मेल कितीही नेमका असो, वर्षाताई काही करू शकत नाहीत. मग फोन येतो, ‘पासवर्ड सांग ना, ओटीपी पण पाठव.’ तापात तो सांगितलाही जातो. तसं करू नये. त्या आयडीने झालेल्या प्रत्येक व्यवहारावर तुमचं नाव लागतं आणि पुढे गोंधळ झाला तर ‘मी नव्हतो’ म्हणायला जागा राहत नाही. अशा वेळी बँकेला पत्र देऊन दुसरा मेकर नेमून घ्यावा लागतो, आणि ते सकाळी अर्ज केला की दुपारी होईल अशा भरवशाचं काम नाही.

वरच्या मेलमध्ये चलन ‘काल’ तयार केलेलं आहे, हेही लक्षात घ्या. पोर्टलवर तयार केलेलं चलन १५ दिवस चालतं. ते पाच-सहा तारखेला करून ठेवलं, तर सातच्या सकाळी उरतं ते फक्त पैसे भरणं. तापात आकडे जुळवायला लागू नयेत यासाठी एवढंच पुरतं.

तेव्हा आज ठणठणीत असताना दोन गोष्टी तपासून घ्या. तुमच्याकडच्या तारखेच्या कामाला दुसरा मेकर आहे का, आणि त्याच्या आयडीने गेल्या महिन्यात एकदा तरी लॉगिन झालंय का. उत्तर ‘नाही’ असेल, तर साहेबांना मेल आजच करा.