‘स्वामी’तला संसार

रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) वाचताना मी कागदपत्रे आणि कल्पना यांतली शिवण शोधतो. माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले, १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने वारले आणि रमाबाई सती गेल्या, हे इतिहास सांगतो. दोघांचे एकांतातले बोलणे मात्र कादंबरीकाराने रचले आहे. त्यात मला अठराव्या शतकातल्या वाड्यापेक्षा १९६०च्या सुमारास मध्यमवर्गाला हवेसे वाटणारे, एकमेकांजवळ मन मोकळे करणारे जोडपे अधिक दिसते. म्हणूनच ती घराघरांत आपली वाटली. पण याला किंमत आहे. असा संसार रंगवल्यावर शेवटचे सहगमन रूढी उरत नाही, प्रेमाची परिसीमा ठरते. डोळे पुसता पुसता आपण तिला मान डोलावतो.