बेरजेतून गळालेले आठ हजार सहाशे

देवळाच्या जीर्णोद्धारासाठी गावात देणग्या जमा होतात. पावती पुस्तकं तिघांकडे आणि एक्सेलची फाइल एकच, तीही तिघांमध्ये फिरती. एक जण घरच्या संगणकावर मराठी कळपाटाने नोंद करतो, दुसरा मोबाइलवरून, आणि तिसऱ्याने गेल्या वर्षीची जुनी यादी युनिकोडमध्ये करून घेऊन खाली चिकटवलेली असते. महिनाअखेरीला खजिनदार रकमांच्या रकान्याखाली `SUM` लावतो. आकडा येतो, लाल रंग नाही, चूक झाल्याची खूण नाही. फक्त तो पेटीतल्या रकमेशी जुळत नाही, आणि संशय आधी माणसांवर जातो.

अशा फाइलमधल्या सहा ओळींचा नमुना घेऊ. डावीकडे ओळीचा क्रमांक, मग तारीख, मग रक्कम.

```
2   03/04/2024   1100
3   ०५/०४/२०२४   २५००
4   12/04/2024   5000/-
5   18/04/2024   501
6   १८/०४/२०२४   १1००
7   25/04/2024   2100
```

हाताने बेरीज केली तर ती १२,३०१ येते. पण ज्या संगणकावर देवनागरी अंक मजकूर म्हणून साठले गेले, तिथे `=SUM(B2:B7)` हे सूत्र ३,७०१ दाखवतं. ८,६०० रुपये गायब. तिसऱ्या ओळीतले अडीच हजार, चौथीतले पाच हजार आणि सहावीतले अकराशे बेरजेत आलेलेच नाहीत.

एक्सेलच्या दृष्टीने यात काहीच चुकलेलं नाही. सेलमध्ये दोन प्रकारचा ऐवज असू शकतो, संख्या किंवा मजकूर. दिलेल्या पट्ट्यात कुठे मजकूर सापडला तर `SUM` तो मुकाट्याने ओलांडून पुढे जातं, आणि हे मुद्दाम ठरवलेलं आहे, कारण रकान्याच्या डोक्यावर ‘रक्कम’ असा शब्द असला म्हणून बेरीज अडू नये. त्याऐवजी `=B2+B3+B4` असं लिहिलं असतं तर `5000/-`ला अडखळून `#VALUE!` असं उत्तर आलं असतं. खजिनदार वैतागला असता, पण चूक त्याच मिनिटाला कळली असती. हिशेबाच्या कामात अडणारं सूत्र मला न अडणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं.

आपल्याला एकच दिसणारा ‘एक’ संगणकाकडे दोन वेगळ्या क्रमांकांनी नोंदलेला असतो. युनिकोडमध्ये इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आणि देवनागरी शून्याचा २४०६. तिथून पुढे ओळीने १ चा २४०७, २ चा २४०८, असं करत ९ चा २४१५. २५०० ही अक्षरं वाचून आपल्या मनात अडीच हजार उमटतात. चार चिन्हांची ती ओळ संख्या म्हणून घ्यायची की शब्द म्हणून, हे मात्र त्या त्या प्रोग्रॅमवर, त्याच्या आवृत्तीवर आणि भाषेच्या सेटिंगवर ठरतं. त्यामुळे एकच फाइल एका संगणकावर जुळते आणि दुसऱ्यावर जुळत नाही, असंही होऊ शकतं.

मिसळ होते ती अगदी साध्या कारणांनी. इनस्क्रिप्टच्या काही मांडण्यांत कळपाटाच्या वरच्या ओळीतल्या कळा देवनागरी अंक देतात, पण उजवीकडच्या नंबर पॅडवर इंग्रजी अंकच उमटतात. नाव लिहून झाल्यावर हात कुठे वळला, यावर अंक कोणते ते ठरतं. नमुन्यातला `१1००` असाच, एका रकमेत दोन लिप्या. त्यातही शून्य सर्वांत फसवं, कारण ० आणि 0 हे बऱ्याच फाँटांत जवळजवळ सारखेच दिसतात, आणि `5०00` डोळ्याखालून सहज निसटतं.

जुन्या फाँटांची गंमत याच्या उलट आहे. युनिकोडच्या आधीच्या अनेक मराठी फाँटांत साठवलेला अंक इंग्रजीच असायचा, फाँट फक्त त्याला देवनागरी रूप द्यायचा. म्हणजे दिसायला २५००, आत 2500, आणि बेरीज बिनचूक. पुढे कोणीतरी ती फाइल कन्व्हर्टरमधून काढतो. नावं नीट होतात, आणि त्याच झपाट्यात रकमाही खऱ्याखुऱ्या देवनागरी अंकांत जातात. वर्षानुवर्षं जुळणारी फाइल ‘युनिकोड केल्यावर’ बिघडली अशी तक्रार अनेकदा येते, तिच्या मुळाशी हे असू शकतं. सेलवर क्लिक करून वरच्या सूत्रपट्टीत पाहावं. तिथे सेलचा फाँट लागत नाही, आत जे साठलंय तेच दिसतं.

चूक आहे की नाही हे कळायला बेरीज पुन्हा तपासून उपयोग नाही, मोजणी तपासायला हवी. `COUNTA` भरलेले सगळे सेल मोजतं, `COUNT` फक्त संख्यांचे.

```
=COUNTA(B2:B7)-COUNT(B2:B7)
```

आपल्या नमुन्यात उत्तर ३ येईल, म्हणजे तीन रकमा बेरजेबाहेर आहेत. त्या कोणत्या, हे पाहायला शेजारच्या रिकाम्या रकान्यात `=ISNUMBER(B2)` लिहून खाली ओढायचं आणि `FALSE` आलेल्या ओळी गाळून बघायच्या. डावी-उजवी बाजूही काही सांगते. मुद्दाम बदललं नसेल तर संख्या सेलच्या उजव्या कडेला चिकटतात, मजकूर डावीकडे. पण छान दिसावं म्हणून कोणी सगळा रकाना मध्यभागी आणला, की ही खूणही पुसली जाते. सेलच्या कोपऱ्यातल्या हिरव्या त्रिकोणावर विसंबू नये, `5000/-`सारख्या रकमेला तो येत नाही.

इथे बहुतेक जण रकाना निवडून ‘फॉरमॅट सेल्स’मध्ये ‘नंबर’ करतात आणि काहीच होत नाही. आधीच मजकूर म्हणून बसलेल्या गोष्टीचा प्रकार त्याने पालटत नाही, ती सेलमध्ये पुन्हा भरावी लागते. ती भरण्याआधी अंक बदलले पाहिजेत. नव्या एक्सेलमध्ये आणि गुगल शीट्समध्ये हे काम एक सूत्र करतं. ते रिकाम्या C रकान्यात लिहावं, मूळ रकाना तसाच ठेवावा.

```
=VALUE(SUBSTITUTE(REDUCE(B2,SEQUENCE(10,1,0),
 LAMBDA(t,n,SUBSTITUTE(t,UNICHAR(2406+n),n))),"/-",""))
```

२४०६ पासूनची दहा चिन्हं एकेक करून शोधायची, त्या जागी साधा अंक ठेवायचा, रकमेच्या शेपटीचं `/-` काढायचं आणि उरलेल्याची संख्या करायची, एवढंच हे सूत्र करतं. कुठे `#VALUE!` आलं तर तिथे आणखी काही शिल्लक आहे, ‘रु.’ किंवा न दिसणारी एखादी मोकळी जागा. जुन्या एक्सेलमध्ये `REDUCE` नाही. तिथे फक्त रकमांचा रकाना निवडून ‘फाइंड अँड रिप्लेस’ दहा वेळा चालवायचं, ० च्या जागी 0, १ च्या जागी 1. आणि मोबाइल नंबर, खाते क्रमांक यांना हात लावायचा नाही. त्यांची संख्या झाली की सुरुवातीचं शून्य जातं, आणि एक्सेल पंधराच अंक नेमके धरत असल्याने सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो.

रकमा जुळल्या की खजिनदार सुस्कारा टाकतो. खरी गुंतागुंत तारखांची असते.

एक्सेल तारीखही संख्याच मानतं. १ जानेवारी १९०० ला १ धरून दिवस मोजत आलं की १ एप्रिल २०२४ हा ४५,३८३ वा. टाइप केलेली तारीख या संख्येत बदलताना आधी दिवस की आधी महिना, हे संगणकाच्या प्रदेश-सेटिंगवरून ठरतं. नवा लॅपटॉप अमेरिकन सेटिंगवरच राहिलेला असेल, तर दुसऱ्या ओळीतली ३ एप्रिल ४ मार्च होते आणि चौथीतली १२ एप्रिल ४ डिसेंबर. पाचव्या आणि सातव्या ओळीत अठरावा आणि पंचविसावा महिना नसल्यामुळे त्या मजकूर म्हणून पडून राहतात. देवनागरीतल्या दोन्ही तर आधीपासूनच मजकूर. आता एप्रिलची बेरीज `SUMIFS`ने मागितली तर रकमा शुद्ध असूनही उत्तर शून्य येईल. त्याहून वाईट म्हणजे ४ मार्च २०२४ झालेले अकराशे रुपये थेट २०२३-२४ या आधीच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतील. सेलमध्ये दिसतं मात्र `3/4/2024`, ज्यात आपल्या डोळ्याला काहीच खटकत नाही.

म्हणून तारखांच्या रकान्याला महिन्याचं नाव दाखवणारं `d mmmm yyyy` हे रूप देऊन पाहावं. उलटलेल्या तारखा लगेच उघड्या पडतात, आणि ज्यांचं रूप बदलतच नाही त्या मजकूर. देवनागरी तारखांवर ‘फाइंड अँड रिप्लेस’ चालवू नये. शेवटचा अंक बदलला की एक्सेल ती तारीख नव्याने वाचतं, त्याच चुकीच्या क्रमाने, आणि ५ एप्रिलची ४ मे होते. त्याऐवजी D रकान्यात वरच्या सूत्रातला फक्त `REDUCE`चा भाग, `B2`च्या जागी `A2` घालून, लिहावा आणि तारीख तुकड्यांतून बांधावी.

```
=IF(ISNUMBER(A2),
 DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),
 DATE(RIGHT(D2,4),MID(D2,4,2),LEFT(D2,2)))
```

आधीच उलटलेल्या तारखेचे दिवस-महिने हे सूत्र परत अदलाबदल करतं, मजकुरातल्या तारखेचे तुकडे जागेवरून उचलतं. मजकूर `०५/०४/२०२४` असा दोन-दोन-चार अंकांचा असेल तरच ते बरोबर चालतं. शिवाय काही ओळी भारतीय सेटिंगवर भरल्या गेल्या असतील, तर त्यांच्या बरोबर असलेल्या तारखा याने उलट्या होतील. पाच-दहा पावत्या हातात घेऊन ताडून पाहिल्याशिवाय हे सूत्र सगळ्या यादीला लावू नये.

अहवाल मराठीत, मराठी आकड्यांतच हवा, असा आग्रह असेल तर तो रास्त आहे आणि त्यासाठी देवनागरी अंक टाइप करायची गरज नाही. एक्सेलच्या ‘कस्टम’ फॉरमॅटमध्ये `[$-4000439]0` दिलं की आत 2500 राहतं, दिसतं २५००, आणि बेरीज बिघडत नाही. पुढच्या नोंदींसाठी रकमेच्या रकान्यावर ‘डेटा व्हॅलिडेशन’ लावून फक्त पूर्ण संख्या घ्यायला सांगता येतं. मग कोणी `5000/-` टाइप केलं तर सेल ते नाकारतो. चिकटवलेली यादी मात्र ही तपासणी अडवत नाही, त्यामुळे `COUNTA`-`COUNT`चं ते छोटं सूत्र बेरजेच्या शेजारच्या सेलमध्ये कायमचं ठेवावं, आणि तिथे शून्य दिसल्याशिवाय अहवालावर सही करू नये.