माल ४१० किलोचा, बिल ६०० किलोचे! ट्रान्सपोर्टच्या बिलातील फरक असा पकडा

चाकणच्या एका कारखान्यातून नागपूरला २० खोके जातात, असे समजू. वजनकाट्यावर माल ४१० किलो भरतो. महिनाअखेरीस ट्रान्सपोर्टचे बिल मात्र ६०० किलोचे येते. यात चूक किती आणि नियम किती?

आधी नियम समजून घ्या

हलका पण जागा अडवणारा माल असेल, तर वाहतूकदार घनफळावरून वजन काढतात. प्रत्यक्ष आणि घनफळाचे यांपैकी जे जास्त, त्यावर भाडे लागते. खोका २४ × १८ × १२ इंचांचा असेल, तर गुणाकाराला १७२८ने भागून ३ घनफूट येतात. म्हणजे २० खोक्यांचे ६० घनफूट. करारात एका घनफुटाला ८ किलो धरायचे ठरले असेल, तर वजन ४८० किलो होते. ४१० किलोवर अडून बसणे इथे चुकीचेच. पण ६०० किलो कुठून आले? ६००ला ६०ने भागा, उत्तर १०. म्हणजे बिलात ८ऐवजी १० किलो धरले. किलोला ९ रुपये दर असेल, तर ४,३२० ऐवजी ५,४०० रुपये लागले. एका बिल्टीवर १,०८० रुपये जादा!

तीन कागद शेजारी ठेवा

ट्रान्सपोर्टचे बिल, डिस्पॅच रजिस्टर आणि बिल्टीची सही-शिक्क्याची पोच. बिल्टी नंबर हा तिघांना जोडणारा धागा. रजिस्टरमधून खोक्यांची संख्या, माप आणि वजन घ्यायचे, तर पोचेवरून माल मिळाल्याची तारीख. गाडी थांबल्याचे पैसे लावले असतील, तर पोचेवर गाडी आल्याची आणि सुटल्याची वेळ हवी.

एकच बिल्टी दोनदा?

ही चूक एका महिन्याच्या बिलात दिसत नाही. मार्चची बिल्टी मे महिन्याच्या पुरवणी बिलात पुन्हा येते. त्यामुळे प्रत्येक वाहतूकदाराचे वर्षभराचे बिल्टी नंबर एकाच शीटमध्ये ठेवावेत. नंबर ए रकान्यात असतील, तर हे सूत्र वापरा:

```
=COUNTIF(A:A,A2)>1
```

TRUE आले, की ती ओळ तपासा. मात्र एकाच नंबरापुढे कुठे ‘/१’, कुठे रिकामी जागा असेल, तर सूत्र फसते. आधी नंबर एकसारखे करून घ्या.

चूक आपलीही असू शकते

पॅकिंग बदलून खोका मोठा झाला, पण रजिस्टरमध्ये जुनेच माप राहिले, तर वाहतूकदाराचा आकडा बरोबर ठरतो. म्हणून वाद घालण्यापूर्वी गोदामातला एक खोका टेपने मोजावा. फरक पक्का झाला, की बिल्टीनिहाय यादी करून पैसे देण्याआधीच डेबिट नोट काढावी. पूर्ण पैसे दिल्यावर तीच वसुली लांबते.